बांबूची चड्डी, मोडलचा टीशर्ट आणि डोंबिवलीचा घाम

"मी 34 वर्षांचा, राहतो डोंबिवलीत, काम अंधेरीला आणि दिवसभर फिरतीचं. घाटकोपरला उतरेपर्यंत बनियन अंगाला चिकटलेली असते आणि मग मेट्रोच्या एसीत तीच गार पडते. त्यात दोन महिन्यांपासून जांघेत खाज आहे. इन्स्टावर सारखी जाहिरात येते, कॉटन सोडा बांबू घाला, अँटिबॅक्टेरियल, 3 डिग्री थंड, कॉटनपेक्षा 60 टक्के जास्त घाम शोषतं, वर पर्यावरणाला चांगलं. तीन चड्ड्या मागवल्या, खरंच लोण्यासारख्या मऊ आहेत. आता अजून सहा चड्ड्या आणि चार टीशर्ट घ्यायचा विचार आहे, साडेसहा हजार होतात. बायको म्हणते गपचूप कॉटन घाल, मित्र म्हणतो मोडल घे, दुकानदार म्हणतो टेन्सेल. नक्की काय करू?"
– घामाघूम, डोंबिवली

घामाघूम भाऊ, मी तिरुपूरला अकरा वर्षं होजिअरीच्या कापडात काढलीत, त्यामुळे तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग जरा वाईटही वाटलं, कारण हे हँगटॅग छापून घेणाऱ्यांत मीही होतो. चड्ड्या मऊ आहेत यावर वाद नाहीच. पण तुम्ही चड्डीच्या आतलं लेबल वाचलंत का? पाकिटावरचं नाही, आत शिवलेलं. तिथे बहुतेक "व्हिस्कोस" किंवा "रेयॉन" लिहिलेलं असेल, किंवा नुसतंच "बांबू 95%, स्पॅन्डेक्स 5%". दोन्हीचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच निघतो.

कुरडई कशी करतात आठवा. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, शिजवायचा आणि सोऱ्यातून पाडायचा. व्हिस्कोस अगदी तसंच. बांबू किंवा कुठलंही लाकूड घेऊन त्याचा लगदा करतात, म्हणजे निव्वळ सेल्युलोज उरतं, ते कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून मधासारखं घट्ट पातळ करतात, मग बारीक भोकांच्या चकतीतून सल्फ्युरिक अॅसिडच्या पाण्यात सोडतात की तिथे धागा धरतो. एकदा कुरडई वाळली की ती लोकवनची होती की खपलीची हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही, आणि गव्हाच्या रोपाला कीड लागायची की नाही याचा तर कुरडईशी काही संबंधच उरत नाही. बांबूच्या झाडात म्हणे जंतूंना रोखणारं काहीतरी असतं, असेल, पण लगदा करताना सेल्युलोज सोडून बाकी सगळं धुऊन काढतात, मग ते चड्डीपर्यंत पोचणार कुठून.

हे माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक बघणारं सरकारी खातं आहे, फेडरल ट्रेड कमिशन, त्यांनी 2009 पासून यावर कंपन्यांना धरलंय, व्हिस्कोसला नुसतं "बांबू" म्हणायचं नाही, "बांबूपासून केलेलं रेयॉन" म्हणा, आणि जंतुरोधक म्हणायचं तर त्या कापडाचा पुरावा द्या. 2022 मध्ये याच कारणावरून वॉलमार्टला 30 लाख डॉलर आणि कोल्सला 25 लाख डॉलर भरावे लागले. युरोपातही लेबलवर धाग्याचं नाव म्हणून बांबू चालत नाही, तिथे व्हिस्कोसच लिहावं लागतं. आपल्याकडे मात्र इन्स्टावर हिरवं पान काढलं की झालं. तिरुपूरला माझ्यासमोर व्हिस्कोसच्या धाग्याचे कोन यायचे आणि जाताना टीशर्टला बांबूचा टॅग लागलेला असायचा, आणि त्यातले कुठले कोन खरंच बांबूच्या लगद्याचे आणि कुठले निलगिरीच्या, हे आम्हालाही फक्त मिलच्या कागदावरूनच कळायचं.

(आणि यात नवीनही काही नाही बरं का. केरळात मावूरला चालियार नदीकाठी 1963 ला जो कारखाना सुरू झाला तो जंगलातला बांबू आणून रेयॉनचाच लगदा करायचा. तेव्हा त्याला कोणी इको म्हणत नव्हतं, उलट नदी घाण होते म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडत होते.)

आता तुमच्या मित्राचं मोडल आणि दुकानदाराचं टेन्सेल. मोडल म्हणजे व्हिस्कोसचाच सुधारलेला भाऊ, बहुतेक बीच नावाच्या झाडाच्या लाकडापासून करतात, प्रक्रिया थोडी बदललेली, त्यामुळे धागा जास्त मजबूत आणि भिजल्यावर कमी ताणला जाणारा. मायक्रो मोडल म्हणजे तोच, पण अजून बारीक. टेन्सेलच्या नावाने विकला जाणारा लायोसेल जरा वेगळ्या घरातला आहे, त्यात कार्बन डायसल्फाइड लागतच नाही, लगदा सरळ एका द्रावकात विरघळवतात आणि ते द्रावक 99 टक्क्यांच्या वर परत गोळा करून पुन्हा वापरतात. पर्यावरणाचं मनापासून वाटत असेल तर बघायचं हे, झाड कुठलं होतं ते नंतर. कार्बन डायसल्फाइड हे व्हिस्कोसच्या कारखान्यातल्या माणसांच्या नसांना आणि हृदयाला घातक आहे हे फार जुनं माहितीचं आहे. बांबूच्या लगद्यापासूनही लायोसेल करतात, तसं लेबलवर स्पष्ट "बांबू लायोसेल" लिहिलेलं असेल तर ती वेगळी वस्तू. आणि टेन्सेल हे धाग्याचं नावच नाही, ऑस्ट्रियाच्या लेंझिंग कंपनीचा ब्रँड आहे, आणि ते मोडल आणि लायोसेल दोन्हीला तेच नाव लावतात, म्हणून दुकानदाराला विचारा टेन्सेल मोडल का टेन्सेल लायोसेल, त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

बरं आता 60 टक्के जास्त शोषतं हे. गंमत म्हणजे हे खोटं नाही. कापूस साधारण दमट हवेत आपल्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास ओलावा स्वतःत धरून ठेवतो, व्हिस्कोस आणि मोडल 12-13 टक्के. भागाकार केला तर दीडपटीच्या वर येतोच. पण तुमच्या टीशर्टचं वजन धरा 150 ग्रॅम. कापसाचा झाला 12 ग्रॅम ओलावा, मोडलचा 19 ग्रॅम. फरक 7 ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा पाणी. मुंबईसारखी दमट हवा असली की दोघंही अजून पितात आणि फरकही थोडा वाढतो, तरी हिशेब चमच्यांचाच राहतो. आणि तुम्ही डोंबिवली स्टेशनच्या जिन्यापासून घाटकोपरच्या पुलापर्यंत, गर्दीत, तासाभरात अर्धा लिटर घाम सहज गाळत असाल. अर्ध्या लिटरपुढे दीड चमचा काय आणि चार चमचे काय.

तुमच्या पत्रात एक गोष्ट धरून चालली आहे की कापड घाम पितं म्हणून थंड वाटतं, मला तिथेच अडायचंय. घाम वाळला तरच अंग थंड होतं. कापडाने पिऊन ठेवलेला घाम हा न वाळलेला घाम आहे, तो नुसता अंगावर वागवायचा. मुंबईत अडचण होते ती हवेच्या दमटपणाची, हवाच आधी ओली त्यामुळे घाम वाळायला जागाच नाही, आणि तिथे बांबू, मोडल, कापूस तिघंही सारखेच हतबल. उपयोगी पडतं ते पातळ कापड आणि कापडाच्या आत खेळणारी हवा. तुम्ही नागपूर-अकोल्याला असता तर गोष्ट वेगळी, तिथे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की घाम आल्याआल्या उडतो, तिथे सैल आणि अंगभर कपडा महत्त्वाचा, धागा कुठला ते फार मागे राहतं.

मग 3 डिग्री? दुकानात कापडाला हात लावला की गार लागतं ते खरं असतं. मोडल-लायोसेलचा धागा गुळगुळीत, अंगाला सपाट टेकतो, त्यामुळे पहिल्या काही सेकंदात हाताची ऊब पटकन ओढून घेतो. फरशीवर पाय ठेवल्यासारखं. पण फरशी मोठी असते आणि टीशर्ट पातळ, तो मिनिटाभरात अंगाएवढा गरम होतो आणि मग दिवसभर तसाच. आकडा कुठून आला ते कंपनीला विचारून बघा, कशाच्या तुलनेत, किती वेळानंतर, कोरड्या अंगावर का घामेजलेल्या.

अजून एक धंद्यातली गोष्ट सांगतो. नवीन कपड्याचा मऊपणा सगळा धाग्याचा नसतो, कापड रंगवून झालं की शेवटी त्याला सॉफ्टनर देतात, बऱ्याचदा सिलिकॉनचा, आणि तो हाताला मस्त लागतो पण पाणी शोषायला आड येतो. म्हणजे ज्या मऊपणावर तुम्ही भाळलात त्यातला थोडा धुतल्यावर जाणार आहे. घरी बघायचं तर नवीन चड्डीवर पाण्याचा एक थेंब टाका. दोनतीन सेकंदात पसरून आत गेला तर ठीक, मोत्यासारखा उभा राहिला तर सॉफ्टनर जास्त. तीन धुण्यांनंतर परत टाका, आणि मऊपणाही तेव्हाच ठरवा. आणि घरी धुताना वरून अजून फॅब्रिक कंडिशनर ओतू नका, घामाच्या कपड्यांना तर नकोच.

आता घ्यायचं काय. टीशर्टसाठी धाग्याच्या आधी वजन बघा, जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. आपल्या दमट गावांसाठी 140 ते 160 चं साधं सिंगल जर्सी बरं पडतं. हल्ली जे ओव्हरसाइज टीशर्ट चालतात ते 220-240 चे असतात, फोटोत पडतात छान पण लोकलमध्ये गोधडी. जीएसएम लिहिलेलं नसेल तर किचनच्या काट्यावर ठेवा, मीडियम साइजच्या टीशर्टला साधारण एक चौरस मीटर कापड जातं, म्हणून त्याचं वजन ग्रॅममध्ये जेवढं तेवढाच अंदाजे जीएसएम. 150 भरला तर हलका, 210 भरला तर बांबूचा असो की सोन्याचा, घाटकोपरला चिकटणारच. एक्सेल असेल तर कापड पाव भाग जास्त धरा. फिट थोडा सैल, काखेत तर नक्की.

मोडल किंवा व्हिस्कोस शंभर टक्के असलेला टीशर्ट मात्र मी तुम्हाला घेऊ देणार नाही. हे कापड लोंबतं, म्हणजे कोरडं असताना छान पडतं पण घामाने भिजलं की जड होऊन छातीला-पाठीला पूर्ण चिकटतं, मधली हवा बंद, आणि सगळ्यांना सगळं दिसतं. शिवाय साधं व्हिस्कोस भिजलं की त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते (कापूस उलटा, भिजल्यावर अजून मजबूत होतो, म्हणून तर धोबी त्याला आपटू शकतो). आमच्याकडून एकदा बांबूच्या नावाचे टीशर्ट गेले होते, दुकानात हँगरवर लटकून लटकून त्यांची लांबी इतकी वाढली की लहान पोरांच्या फ्रॉकसारखे दिसायला लागले, सगळा माल परत आला, आणि चूक आमचीच होती, कापड नीट बसवून घ्यायच्या आधी कापलं होतं. तर टीशर्टला हलकं कॉटन किंवा कॉटन-मोडल निम्मं-निम्मं, त्यात कापूस आकार धरतो आणि मोडल खरखर कमी करतो, बोअरच्या जड पाण्यात धुऊन कॉटन पत्र्यासारखं कडक होतं ना, ते कमी होतं. वहिनींचं बरोबर आहे आणि मित्राचंही, असं झालं आता.

चड्डीचं गणित वेगळं. तिथे हवा खेळायला तशीही जागा नाही, तिथे प्रश्न घासण्याचा आहे, ओली कातडी आणि ओलं कापड एकमेकांवर दिवसभर. तिथे मोडल आणि लायोसेल खरोखर कामाचे, कारण गुळगुळीत धागा कमी घासतो आणि धुऊन धुऊनही तसाच राहतो. कापड पातळ असावं, 5 ते 8 टक्के स्पॅन्डेक्स, पाय थोडे लांब म्हणजे मांडीला मांडी लागणार नाही, आणि साइज अशी की रात्री काढल्यावर कमरेवर लाल रेघ दिसू नये. कमरेचा पट्टा पॉलिस्टर किंवा नायलॉनचाच असतो, पाकिटावर बांबू लिहा नाहीतर आणि काही, म्हणून पट्ट्याखाली पुरळ येत असेल तर धाग्याला दोष देऊ नका. बायकांच्या बाबतीत एवढंच की बाहेरून मोडल असलं तरी मधल्या पट्टीला आतून कॉटनचा तुकडा शिवलेला आहे का ते उलटं करून बघायचं.

वापरताना काय बिघडतं तेही सांगून ठेवतो. मोडलला मांडीच्या आतल्या बाजूला गोळे येतात. लायोसेलच्या गडद रंगावर घासून घासून पांढुरकी लव येते, काळी चड्डी राखाडी दिसायला लागते. व्हिस्कोस शिवणीजवळ विरतं. तिन्हीला उपाय सारखाच, उलटे करून धुवा, ब्रशने घासू नका, ओले असताना पिळून पीळ देऊ नका, नुसते दाबून पाणी काढा, आणि टीशर्ट असेल तर आडवा किंवा दोरीवर मधोमध टाकून वाळवा, खांद्याला चिमटे लावून लटकवू नका.

तुमच्याकडे ज्या तीन आहेत त्या फेकायच्या नाहीत, वापरा. फक्त साडेसहा हजारांची ऑर्डर थांबवा. एक लायोसेल किंवा मोडलची चड्डी घ्या आणि एक चांगल्या पातळ कॉटनची, प्रत्येकी एकच, आणि आठवडाभर आलटून पालटून त्याच लोकलने त्याच वेळेला जा. एक काटेकोर चाचणी करायची तर रविवारी तीनही प्रकारांची एकेक चड्डी कोरडी असताना वजन करून लिहून ठेवा, भिजवा, एकत्र मशीनमध्ये स्पिन करा, परत वजन, मग घरातच पंख्याखाली टाका आणि दर अर्ध्या तासाला काट्यावर ठेवा. ज्याचं वजन सगळ्यात आधी कोरड्यावर येईल ती पावसाळ्यातली तुमची चड्डी. माझा अंदाज, सगळ्यात पातळ जी असेल ती जिंकेल, धागा कुठलाही असो. कापूस की बांबू हे जाळूनही कळणार नाही हं, दोन्ही कागदासारखेच जळतात आणि राख होते, फक्त पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो, तेवढी भेसळ पकडता येते (सिंकवर करा, बाल्कनीत नको, आणि धागा घ्या, चड्डी नको).

आणि खाज. दोन महिने जांघेत खाज, तीही मुंबईच्या दमटात, म्हणजे गजकर्ण असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ते बुरशीचं असतं. जाहिरातीतला शब्द अँटिबॅक्टेरियल, म्हणजे जीवाणूंविरुद्ध, आणि बुरशी जीवाणू नाही, म्हणजे तो दावा शंभर टक्के खरा असता तरी तुमच्या कामाचा नव्हता. कडा लालसर, गोलाकार पसरणारी, मधे फिकट, अशी असेल तर त्वचेच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात जा. मेडिकलवाल्याने दिलेली ती तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब लावत असाल तर तीही बरोबर न्या आणि दाखवा, त्यात बहुतेक स्टेरॉइड असतं, चार दिवस खाज थांबते आणि मग दुप्पट पसरते आणि नंतरच्या औषधालाही दाद देत नाही. घरात अजून कोणाला खाजतंय का विचारा, टॉवेल वेगळा करा, चड्डी आणि पँट दोन्ही पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका, पावसात वाळत नसेल तर शिवणींवरून इस्त्री फिरवा (स्पॅन्डेक्स आहे, मंद ठेवा). ऑफिसच्या बॅगेत एक जास्तीची चड्डी ठेवा आणि अंधेरीला पोचलात की आधी बदला, ओली एका पिशवीत. मी तिरुपूरच्या मेमध्ये हेच करायचो, डाइंग युनिटला जायचं असलं की दोन घेऊन.

खाज पूर्ण जाईपर्यंत नवीन काही घेऊच नका. डॉक्टर औषध दिसायला बरं झालं तरी अजून काही आठवडे चालू ठेवायला सांगतील, तेवढ्यात तुमची काट्यावरची वजनंही लिहून होतील, ती मला पाठवा, मलाही बघायचंय तुमच्या बांबूचं कितव्या अर्ध्या तासाला वाळतंय.